वडीचं वजन, वातीचे तास: हातच्या वस्तूंच्या लिस्टिंगचा अनुभव

हाताने बनवलेल्या साबणाची लिस्टिंग लिहायला बसलं की पहिली अडचण वजनाची येते. साच्यातून काढलेली ताजी वडी 120 ग्रॅम भरते, सहा आठवडे मुरल्यावर तीच वडी 104-105 ग्रॅमवर येते, आणि पावसाळ्यात डब्याबाहेर राहिली तर परत थोडी वाढतेसुद्धा. मग लिस्टिंगमध्ये आकडा कुठला लिहायचा?

माझी आतेबहीण चिपळूणजवळ साबण, सोया मेणाच्या मेणबत्त्या आणि कोकम तेलाचा बाम बनवते. मी तिला ताई म्हणते. बनवण्याचं सगळं तिच्या हातात, लिहिण्याचं माझ्याकडे. माझं शिक्षण फार्मसीचं, त्यामुळे लेबल वाचायची सवय जुनी आहे. पण दुसऱ्याचं लेबल तपासणं वेगळं आणि आपल्याच माणसाच्या वस्तूबद्दल पाच ओळी लिहिणं वेगळं, हे या कामात चांगलं कळलं. त्या पाच ओळींतला प्रत्येक आकडा कुणीतरी काट्यावर किंवा घड्याळावर मोजलेला असावा, एवढा एकच नियम आम्ही दोघींनी ठरवला. इथे लिहितेय ते सगळं त्या नियमामुळेच सुचत गेलं.

आधी साबणाबद्दल. ताईचा गवती चहाचा साबण थंड पद्धतीचा आहे. एका बॅचला एकूण एक किलो तेल: 500 ग्रॅम ऑलिव्ह, 300 ग्रॅम खोबरेल, 120 ग्रॅम कोकम तेल आणि 80 ग्रॅम एरंडेल. त्यात 141 ग्रॅम कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, 280 ग्रॅम पाणी, आणि शेवटी 15 ग्रॅम गवती चहाचं इसेन्शियल ऑइल. या चार तेलांचा पूर्ण साबण व्हायला साधारण 149 ग्रॅम सोडा लागला असता. ताई तो पाच टक्के कमी घेते, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं आणि मोकळा सोडा उरत नाही. ही बेरीज होते 1436 ग्रॅम, आणि त्यातून बारा वड्या निघतात.

मुरताना उडतं ते पाणी. सहा आठवड्यांत वडीचं वजन तेराएक टक्क्यांनी उतरतं. पहिल्या पंधरा दिवसांत झपाट्यानं, मग हळूहळू. ताई प्रत्येक बॅचमधल्या दोन वड्यांना पेन्सिलीने खूण करून दर रविवारी तोलते आणि वहीत लिहिते. त्या वहीतल्या ओळी बघून आम्ही ठरवलं की लिस्टिंगवर 100 ग्रॅम लिहायचं. ताजं वजन 120 असलं तरी तो आकडा गिऱ्हाइकाच्या हातात कधीच पोचणार नसतो. आणि 105 लिहिलं तर तारेने कापलेल्या वड्यांत दोन-तीन ग्रॅमचा फरक असतोच, शिवाय दुकानात दोन महिने पडून राहिलेली वडी अजून थोडी उतरलेली असते. पॅक करायच्या दिवशी प्रत्येक वडी पुन्हा काट्यावर जाते. 102 च्या खाली भरली तर ती या लिस्टिंगमध्ये विकायची नाही, तुकड्यांच्या पाकिटात टाकायची. पाकिटबंद मालाच्या नियमांत ठरावीक तूट चालते, पण ती तूट म्हणजे आपल्याला दिलेली सवलत आहे असं समजून आकडा आधीच फुगवून लिहिणं मला पटत नाही.

शेवटी एक वाक्य आम्ही वजनाशेजारीच घातलं: "हाताने कापलेली वडी असल्यामुळे आकारात थोडा फरक दिसेल, पण पॅक करताना वजन 100 ग्रॅमपेक्षा कमी नसतं." हे लिहिल्यापासून "फोटोतली वडी मोठी दिसत होती" असे निरोप यायचे जवळजवळ थांबले. फोटोत वडीशेजारी काडेपेटी ठेवली, तिचाही उपयोग झाला असावा.

घटकांच्या यादीत वजनाइतकीच शिस्त लागते. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 मध्ये आंघोळीचा साबणही येतो. त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि क्रम धरायचा तो घटक मिसळतानाच्या वजनाचा. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कुठल्याही क्रमाने चालतात. हे वाचल्यावर आमची यादी आपोआप ठरली: ऑलिव्ह तेल, खोबरेल तेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड, कोकम तेल, एरंडेल, गवती चहाचं इसेन्शियल ऑइल. गवती चहा 1436 मध्ये 15 ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या जेमतेम वर, म्हणून तो आपल्या क्रमातच शेवटी आला. प्रत्येक तेलाचं वनस्पतिशास्त्रीय नाव आम्ही त्याच्या शेजारी देतो. कोकमाला ते विशेष गरजेचं आहे. कोकम तेल, मुठेल, भिरंडेल अशी नावं कोकण आणि गोव्यात चालतात, पण नागपूरच्या गिऱ्हाइकाला "गार्सिनिया इंडिका" शोधून खात्री करता येते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो चौथ्या घटकावरून.

"अगं, सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलंस तर लोक पळतील," ताई म्हणाली. "ते तर साबणात उरतच नाही."

"उरत नाही हे खरंय ताई, पण घातलंस ना तू? नियम घालतानाच्या वजनाचा आहे."

"मग बाकीचे कसे लिहीत नाहीत?"

बाकीचे कसे लिहीत नाहीत हे आम्ही पाहिलं. बऱ्याच ठिकाणी फक्त तेलांची आणि फुलांची नावं होती, वर "केमिकल फ्री" अशी पट्टी. ज्याला साबण कसा बनतो हे माहीत आहे तो माणूस अशी यादी बघून लगेच ओळखतो की काहीतरी गाळलंय. आम्ही ते नाव ठेवलं आणि खाली एकच ओळ दिली: "सोडियम हायड्रॉक्साइड तेलांशी अभिक्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन बनतं. तयार वडीत मोकळा सोडा राहू नये म्हणून तेलाचं प्रमाण जास्त ठेवलं आहे." ताईची भीती खरी ठरली नाही. उलट एका शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी ही ओळ मुलांना दाखवायला वापरू का, असं विचारलं.

"केमिकल फ्री" आम्ही कुठेच लिहिलं नाही. "पीएच बॅलन्स्ड" सुद्धा नाही, कारण खऱ्या साबणाचा पीएच साधारण 9 ते 10 असतो, आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. हा फरक साबणाच्या रसायनातच आहे, कोकम तेल घालून तो जात नाही. फार कोरडी किंवा तडकलेली त्वचा असलेल्याला याच कारणाने साबण झोंबू शकतो. ही गोष्ट लपवली तर ज्याला झोंबणार आहे तोच माणूस ऑर्डर करून बसतो.

त्वचेच्या संवेदनशीलतेची टीप लिहिणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात वेळखाऊ भाग. "संवेदनशील त्वचेसाठी उत्तम" हे तीन शब्द टाकून मोकळं होता येतं. पण संवेदनशील म्हणजे कशाला? कुणाला सुगंध सोसत नाही, कुणाला मधमाशीचं मेण, कुणाला लोकरीतून काढलेलं लॅनोलिन. सर्वांना चालेल असा एक साबण नसतो. म्हणून ही टीप वस्तूतल्या नेमक्या घटकाबद्दल असायला हवी, असं आम्ही ठरवलं.

गवती चहाच्या तेलात बहुतांश भाग सिट्रालचा असतो, साधारण 70 ते 80 टक्के. लिंबासारखा तो चटकदार वास त्याचाच. सिट्रालमुळे काही लोकांना स्पर्शजन्य अॅलर्जी होते. त्यासोबत जिरॅनिऑल आणि थोडं लिमोनिनही असतं. युरोपात अशी सुगंधी अॅलर्जीकारक द्रव्यं लेबलवर नावानिशी लिहावी लागतात: धुऊन टाकायच्या वस्तूत प्रमाण 0.01 टक्क्याच्या वर असेल तर, आणि अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्याच्या वर असेल तर. आमच्या साबणाचा हिशेब केला तर गवती चहा एक टक्का, त्याचा तीन चतुर्थांश सिट्राल, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. युरोपच्या मर्यादेच्या पंचाहत्तर पट. वापरायला ते असुरक्षित आहे असा याचा अर्थ नाही, ते नावाने सांगण्याची मर्यादा आहे. पण इतकं प्रमाण असताना "सुगंध" एवढाच शब्द लिहून थांबणं मला बरं वाटेना.

वापरायला किती सुरक्षित, याचं उत्तर तेलाच्या विक्रेत्याकडून येतं. प्रत्येक सुगंधी तेलासोबत आयएफआरए या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मर्यादांनुसारचं प्रमाणपत्र मागायचं. त्यात वस्तूंचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गासाठी त्या तेलाचं जास्तीत जास्त प्रमाण. साबण नवव्या वर्गात येतो, मेणबत्ती बाराव्या, ओठांना लावायच्या वस्तू पहिल्या. एकाच बाटलीतलं तेल साबणात दीड टक्का चालतं आणि ओठांच्या बामात त्याच्या छोट्याशा अंशालाही बंदी असते, असं यात दिसतं. प्रमाणपत्र न देणाऱ्या विक्रेत्याकडून ताई आता तेल घेत नाही. बाटली उघडल्याची तारीख ती झाकणावर लिहिते, कारण लिमोनिन आणि लिनालूल असलेली तेलं हवेशी संपर्कात राहिली की त्यातून तयार होणारी द्रव्यं मूळ तेलापेक्षा जास्त अॅलर्जी आणतात. लव्हेंडरची जुनी, अर्धी रिकामी बाटली हे त्याचं नेहमीचं ठिकाण.

शेवटी साबणाच्या लिस्टिंगमध्ये टीप अशी आली: "या साबणात गवती चहाचं तेल आहे. त्यात नैसर्गिकरित्या सिट्राल, जिरॅनिऑल आणि लिमोनिन असतं. यापैकी कशाचीही किंवा लिंबूवर्गीय सुगंधाची अॅलर्जी असेल तर हा साबण घेऊ नका, आमचा बिनवासाचा साबण पाहा. डोळ्यांत गेल्यास झोंबेल, भरपूर पाण्याने धुवा." नाशिकच्या एका बाईंनी ही टीप वाचून लिहिलं की त्यांना सुगंधी वस्तूंनी मानेवर पुरळ येतं आणि डॉक्टरांच्या पॅच टेस्टमध्ये सिट्रालच निघालं होतं. त्यांनी बिनवासाच्या वड्या मागवल्या. गवती चहाची एक विक्री गेली, आणि ती तशी जाणंच योग्य होतं.

घरी करायच्या चाचणीबद्दलही नीट लिहावं लागतं. "कोपराच्या आत लावून 24 तास ठेवा" ही ओळ सगळीकडे सरसकट चिकटवलेली दिसते. बामासाठी ती ठीक आहे, साबणासाठी नाही. साबण त्वचेवर तासन् तास ठेवला, वर पट्टी बांधली, तर धडधाकट त्वचाही लाल होते. ती अॅलर्जी नसते, नुसता क्षोभ असतो. म्हणून साबणाला आम्ही लिहिलं: कोपराच्या आतल्या भागावर फेस लावा, जसा वापराल तसा लगेच धुऊन टाका, हे आठवडाभर रोज एकाच जागी करा आणि मग अंगाला वापरा. आठवडा यासाठी की अॅलर्जी पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. ती दोन-तीन दिवसांनी, कधी वारंवार संपर्क आल्यावर वर येते.

एक्झिमा, सोरायसिस, मुरुमं हे शब्द आमच्या लिस्टिंगमध्ये नाहीत. लोक मात्र विचारतात, आणि आई असेल तर फार काकुळतीने विचारतात: "मुलाला एक्झिमा आहे, कोकम बाम लावू का?" आजार बरा करण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत ती वस्तू सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी आमच्याकडे तसा दावा करण्यासारखा पुरावा नाही. आम्ही घटकांची पूर्ण यादी पाठवतो आणि सांगतो की ही यादी तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. यादी पूर्ण असेल तरच या सल्ल्याला काही अर्थ असतो.

आता मेणबत्ती. ती अंगाला लावायची वस्तू नाही, त्यामुळे सौंदर्यप्रसाधनाचे नियम तिला लागत नाहीत, पण पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हे सगळं लागतंच. आणि लोकांना वजनापेक्षा जास्त रस असतो तो ती किती तास जळेल यात. या आकड्याबाबत मी जितकी मनमानी पाहिली तितकी दुसऱ्या कशातच नाही.

ताईची काचेच्या ग्लासातली मेणबत्ती 7 सेंटिमीटर आतल्या व्यासाची आहे. काठापर्यंत पाणी भरलं तर ग्लासात 220 मिलिलिटर मावतं. सुरुवातीला एका पुरवठादाराने तिला सांगितलं होतं की 220 चा ग्लास आहे, म्हणजे 220 ग्रॅमची मेणबत्ती म्हणून विका. हे साफ चूक आहे. वितळलेलं सोया मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, आणि घट्ट झालेलंही. एका मिलिलिटरला साधारण 0.9 ग्रॅम. शिवाय वर बोटभर जागा मोकळी ठेवावी लागते. रिकामा ग्लास वातीसकट तोलला, मेण ओतून गार झाल्यावर पुन्हा तोलला, फरक 160 ग्रॅम आला. लिस्टिंगमध्ये तोच आकडा गेला: "मेणाचं निव्वळ वजन 160 ग्रॅम, ग्लासचं वजन धरलेलं नाही."

जळण्याचे तास काढायला आम्ही जे केलं ते कुणालाही करता येईल. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, घड्याळ आणि वही एवढंच लागतं. वात 5-6 मिलिमीटर ठेवून कापायची, मेणबत्ती तोलायची, पंखा बंद असलेल्या खोलीत चार तास जाळायची, विझवून पूर्ण गार होऊ द्यायची आणि पुन्हा तोलायची. गार होऊ देणं महत्त्वाचं, कारण गरम ग्लास काट्यावर ठेवला की आकडा थरथरतो. मग वात पुन्हा कापून पुढची फेरी.

पहिल्या फेरीत चार तासांत 14 ग्रॅम मेण गेलं, म्हणजे तासाला साडेतीन. हाच आकडा घेऊन 160 ला भागलं तर 45 तास येतात, आणि "45 तास" लिहायला ताई तयारही झाली होती. पण पुढच्या फेऱ्यांत दर वाढत गेला. मेणाची पातळी खाली गेली की ज्योत काचेच्या भिंतींमध्ये येते, ग्लास तापतो, वितळलेल्या मेणाचं तळं मोठं होतं. मधल्या फेऱ्यांत तासाला चार, शेवटी सव्वाचारच्या पुढे. सरासरी धरली चार. मग 160 भागिले 4, म्हणजे 40 तास?

तेही नाही. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की मेणबत्ती विझवून टाकायची असते, नाहीतर ज्योत तळाच्या काचेजवळ पोचते आणि ग्लास तडकू शकतो. ही सूचना आमच्याच लेबलवर छापलेली आहे. आता 7 सेंटिमीटर व्यासाच्या ग्लासात एक सेंटिमीटर उंचीचं मेण म्हणजे किती? जवळपास 35 ग्रॅम. ते जाळायचंच नाही. राहिले 125 ग्रॅम, तासाला चार, म्हणजे 31 तास. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. रुंद आणि बुटक्या ग्लासात हा तळाचा थर एकूण मेणाच्या पाचव्या भागाहून जास्त असतो. जो 40 तास लिहितो तो एकतर गिऱ्हाइकाला तळापर्यंत जाळायला लावतोय, नाहीतर न मिळणारे नऊ तास विकतोय.

एकाच मेणबत्तीवर थांबलो नाही. वातीत फरक असतो, ओतण्यात फरक पडतो, म्हणून एकाच बॅचमधल्या आणखी काही जाळल्या. सगळ्या 29 ते 33 च्या दरम्यान आल्या. लिस्टिंगमध्ये लिहिलं "सुमारे 30 तास", आणि त्याला अटी जोडल्या, कारण अटींशिवाय तो आकडा खरा राहत नाही: "एका वेळी 3 ते 4 तास जाळल्यास, वात दर वेळी 5 मिलिमीटरपर्यंत कापल्यास, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवल्यास."

वाऱ्याचं हे वाक्य आपल्याकडे विशेष लागू पडतं. परदेशी मेणबत्त्यांच्या सूचना बंद खिडक्यांच्या घरांना धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे डोक्यावर पंखा फिरत असतो. ताईने मुद्दाम एक मेणबत्ती पंख्याखाली जाळली. ज्योत एका बाजूला झुकून राहिली, त्या बाजूची काच काळी झाली, दुसऱ्या बाजूला मेणाची भिंत तशीच उभी. तासांचा हिशेब तर कोलमडलाच. म्हणून "पंख्याखाली किंवा उघड्या खिडकीशी जाळू नका" हे आम्ही सूचनांत सगळ्यात वर घेतलं, मुलं आणि पाळीव प्राणी यांच्याबद्दलच्या ओळीच्या जोडीने.

दुसरी गडबड होते ती थोडा थोडा वेळ जाळण्याने. देवाजवळच्या निरांजनासारखी पंधरा मिनिटं लावून विझवली की वातीभोवती विहीर पडते आणि कडेचं मेण कधीच जळत नाही. पहिल्या वेळी वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोचू द्यायचं, या ग्लासाला त्यासाठी तीनएक तास लागतात. हे लिस्टिंगमध्ये सांगितलं नाही तर गिऱ्हाईक दहा तासांत "संपली" म्हणून तक्रार करतं, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं.

मेणबत्तीलाही त्वचेची टीप लागते का? थोडी लागते. काही लोक वितळलेलं मेण हाताला लावतात, कारण तसल्या मसाज मेणबत्त्या बाजारात मिळतात. आमच्या मेणबत्तीत सात टक्के सुगंध आहे, तो बाराव्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर घातलेला, त्वचेच्या नव्हे. म्हणून स्पष्ट लिहिलं: "हे मेण अंगाला लावण्यासाठी नाही." दमा किंवा तीव्र वासाने डोकं दुखत असेल तर बंद खोलीत लावू नका, अशीही एक ओळ आहे.

कोकम बामाचं काम त्यामानाने सोपं गेलं. कोकम तेल, खोबरेल, मधमाशीचं मेण आणि व्हिटॅमिन ई. वास काही नाही, कारण तो अंगावर राहणारा पदार्थ आहे. डबी 40 मिलिलिटरची, आत बाम 35 ग्रॅम, इथेही मेणबत्तीसारखंच मिलिलिटर आणि ग्रॅम यांची गल्लत टाळायची. मधमाशीचं मेण असल्यामुळे तो व्हीगन नाही हे आणि प्रोपोलिसची अॅलर्जी असणाऱ्यांनी जपून, हे दोन्ही वर लिहिलं. व्हिटॅमिन ई ला काही ठिकाणी "नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह" म्हणतात, तसं ते नाही. ते तेल खवट व्हायला उशीर करतं, बुरशी किंवा जंतूंना अडवत नाही. या बामात पाणी नाही म्हणून जंतूंची भीती कमी, पण ओलं बोट घातलं की डबीत पाणी गेलंच. म्हणून "कोरड्या बोटाने किंवा चमच्याने घ्या, न्हाणीघरात ठेवू नका" ही सूचना टिकण्याच्या मुदतीच्या शेजारी आहे, खाली कुठेतरी नाही.

मुदत कशी ठरवायची यावर ताई आणि मी बराच वेळ घालवला. प्रत्येक बॅचमधली एक वडी आणि एक डबी ती बाजूला ठेवते, एसीत नव्हे, साध्या मांडणीवर, कोकणातल्या दमट हवेत. दर महिन्याला काढून बघायची, वास घ्यायचा. साबण खवट होऊ लागला की त्यावर नारिंगी ठिपके येतात आणि जुन्या तळणाचा वास सुटतो. ताईने एकदा ऑलिव्हऐवजी सूर्यफुलाचं तेल घालून बॅच केली होती, त्या वडीवर आठ महिन्यांतच ठिपके आले. त्या तेलातला लिनोलेइक आम्लाचा भाग हवेने लवकर बिघडतो. ऑलिव्हच्या वड्या सव्वा वर्ष स्वच्छ राहिल्या. आम्ही मुदत लिहिली बनवल्यापासून 12 महिने. पावसाळ्यात वडीवर घामासारखे थेंब येतात, ते ग्लिसरीनने ओढलेलं पाणी असतं, वडी खराब झालेली नसते. हेही एका ओळीत सांगितलंय, कारण जून लागला की तोच प्रश्न रोज येतो. बामाला 9 महिने दिले. कोकम तेल स्वतः टिकाऊ आहे, पण मुदत ठरते ती सगळ्यात आधी बिघडणाऱ्या तेलावर, आणि डबी रोज उघडली जाते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये बाम कुरियरमध्ये वितळून पुन्हा घट्ट होतो आणि दाणेदार लागतो. तेव्हा तिकडे पाठवताना ही सूचना वेगळी जाते, कोकम तेल 40 अंशांच्या आसपास वितळतंच.

"वापरण्याची अंतिम तारीख" प्रत्येक पाकिटावर असते, लिस्टिंगमध्ये आम्ही "बनवल्यापासून 12 महिने, पाठवताना किमान 8 महिने शिल्लक" असं लिहितो. त्याच जागी ताईच्या परवान्याचा क्रमांक, पत्ता, सर्व करांसहित किंमत आणि तक्रारीसाठी फोन आहे. परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो, आणि विक्रीसाठी साबण-बाम बनवायचा तर तो आधी लागतो, लिस्टिंग नंतर. जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी बाईंनी दिवाळीसाठी पंचवीस वड्या दुकानात ठेवायला मागितल्या होत्या. तिथे विकायला तिकडचा जबाबदार प्रतिनिधी आणि सुरक्षा मूल्यांकनाचा अहवाल लागतो, आमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून नाही म्हटलं.

सध्या एक काम चालू आहे. ऑलिव्ह तेल महागल्यामुळे ताईने त्यातलं अर्धं बदलून तांदळाच्या कोंड्याचं तेल घातलं. म्हणजे 250 ग्रॅम ऑलिव्ह, 250 कोंड्याचं तेल. नव्या यादीत पहिलं नाव खोबरेल आलं, दुसरं पाणी, मग ही दोन तेलं. सोड्याचा हिशेब पुन्हा झाला, आणि ठेवलेल्या वड्यांचं निरीक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोपर्यंत नव्या बॅचला मुदत 9 महिनेच लिहायची असं ठरलंय. जुन्या बॅचच्या अजून बऱ्याच वड्या शिल्लक आहेत, त्यामुळे लिस्टिंग दोन केल्या, फोटो वेगळे, बनवल्याचा महिना पहिल्याच ओळीत. जुन्या लिस्टिंगमधला मजकूर बदलून नवा टाकणं दोन मिनिटांचं काम होतं, पण मग जुनी वडी नव्या यादीखाली गेली असती. जुन्या संपल्या की ती लिस्टिंग ताई स्वतः बंद करणार आहे.